सही करण्याआधी दुसरं पान वाच!

गेल्या रविवारी सकाळी सकाळी भाचा आला. राहतो इथेच खराडीत, ईऑन आयटी पार्कच्या अलीकडे, म्हणजे माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. पण मावशीकडे यायला त्याला काहीतरी निमित्त लागतं. या खेपेचं निमित्त मात्र खासच होतं. त्याची पहिली कादंबरी एका प्रकाशकाने स्वीकारली आहे!

आजोळच्या गावावर लिहिलेली दोनशे पानांची कादंबरी. दिवसभर संगणकासमोर बसून रात्री अकरानंतर तीन वर्षं लिहीत होता. मी तिचं हस्तलिखित दोनदा वाचलंय (आणि र्‍हस्वदीर्घ तपासलंय, सवय जात नाही). त्यामुळे आनंद मलाही झालाच. चहा होईपर्यंत त्याने पिशवीतून तीन पानी करारनामा काढला आणि म्हणाला, "मावशी, रॉयल्टी दहा टक्के लिहिलीये. बारा मागू का? की मागितली तर रागावतील? बुधवारपर्यंत सही करून द्यायचीये."

मी म्हटलं, "दहा-बाराचं नंतर बघू. आधी दुसरं पान वाचलंस का?"

नव्हतं वाचलं. वाचलं होतं, पण वरवर. ते 'कायद्याचं काहीतरी' असतं म्हणून सोडून दिलं होतं. मीही एके काळी असंच सोडून दिलं होतं, म्हणून त्याला बसवून घेतलं. त्या दिवशी जे बोललो तेच थोडं विस्ताराने इथे लिहिते आहे. आपल्यापैकी दोघा-तिघांची पुस्तकं येऊ घातली आहेत असं ऐकून आहे, त्यांनाही उपयोगी पडेल.

दुसऱ्या पानावरचं वाक्य असं होतं, की लेखक सदर साहित्यकृतीचे सर्व हक्क प्रकाशकाकडे कायमस्वरूपी हस्तांतरित करीत आहे. मी त्याला विचारलं, "तुझा दुसरा फ्लॅट भाड्याने दिलायस ना? त्याचा कागद काय असतो?" म्हणाला, "लीव्ह अँड लायसन्स. अकरा महिन्यांचा." मग म्हटलं, भाडेकरूने जर 'घर कायमचं माझ्या नावावर करा, भाडं मात्र देत राहीन' असं लिहून आणलं तर सही करशील का? तो हसायला लागला. पण इथे नेमकं तेच लिहिलं होतं.

पुस्तकाच्या कायद्यातही हेच दोन प्रकार आहेत. एक हस्तांतरण, म्हणजे घर विकणं. दुसरा परवाना, म्हणजे मालकी स्वतःकडे ठेवून ठरावीक मुदतीसाठी छापायला आणि विकायला परवानगी देणं. लिहिल्या क्षणापासून कॉपीराइट लेखकाचा असतो, त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढची साठ वर्षं टिकतो. भाचा आज अडतीस वर्षांचा आहे. ऐंशी वर्षं जगला (जगेलच, आमच्याकडे सगळे चिवट आहेत) तर त्या 'कायमस्वरूपी' या एका शब्दाने तो शंभर वर्षांहून जास्त काळाचा हक्क देऊन टाकणार होता. आणि तेही पाचशे प्रतींच्या पहिल्या आवृत्तीसाठी!

हे काही नुसतं पुस्तकी ज्ञान नाही. आपल्या वि. स. खांडेकरांचंच उदाहरण घ्या. 'ययाती' १९५९ साली आली, १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार तिला मिळाला, १९७६ साली भाऊसाहेब गेले. त्यांच्या पुस्तकांवरून पुढे देशमुख आणि कंपनी ही प्रकाशनसंस्था आणि खांडेकरांचे वारस यांच्यात वाद झाला, आणि २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाचा त्यावर निकाल आला. कॉपीराइटच्या वकिलांमधे हा निकाल अजून सांगितला जातो, कारण हस्तांतरण आणि परवाना यांतला फरक त्यात नीट उलगडला आहे. हस्तांतरणात मालकी जाते, परवान्यात ती लेखकाकडेच राहते, प्रकाशकाला फक्त एक गोष्ट करायची मुभा मिळते. लेखक गेल्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी न्यायालयात बसून जुन्या कागदांचा अर्थ लावावा लागला. खांडेकरांच्या लेखनावरचा हक्क २०३६ सालच्या अखेरपर्यंत आहे, म्हणजे हा प्रश्न काही नुसता जुन्या आठवणींचा नव्हता.

आता रॉयल्टी. भाच्याचा सगळा जीव त्या दहा टक्क्यांत अडकला होता, पण दहा टक्के कशाचे हे त्याने बघितलंच नव्हतं. करारात होतं 'प्रत्यक्ष प्राप्त रकमेच्या दहा टक्के'. मी पाठीमागच्या कोऱ्या पानावर गणित मांडलं. समजा पुस्तकाची छापील किंमत तीनशे रुपये. छापील किमतीवर दहा टक्के म्हणजे प्रतीमागे तीस रुपये. पण प्रकाशक पुस्तक काही तीनशेला देत नाही. अप्पा बळवंत चौकातला विक्रेता, वितरक, ग्रंथालयांना पुरवठा करणारा, सगळ्यांना कमिशन द्यावं लागतं. ते पंचेचाळीस टक्के धरलं तर प्रकाशकाच्या हातात पडतात एकशे पासष्ट, आणि त्याचे दहा टक्के म्हणजे साडेसोळा रुपये. वर्षात चारशे प्रती गेल्या तर एकीकडे बारा हजार, दुसरीकडे सहा हजार सहाशे. टक्का तोच! मग हा बारा टक्के मागत बसला असता आणि मिळाले असते तरी प्रतीमागे वीस रुपयेसुद्धा हातात पडले नसते.

प्रकाशक यात फसवतो असं मी म्हणत नाही. कमिशन खरंच तेवढं द्यावं लागतं. फक्त कोणत्या रकमेवर टक्के काढायचे ते लेखकाला माहीत हवं. आणि वर्षातून एकदा हिशेब हवा. त्यात चार आकडे असावेत, छापल्या किती, विकल्या किती, भेट आणि अभिप्रायार्थ दिल्या किती, शिल्लक किती. हे चार आकडे जुळले पाहिजेत, चौथीतल्या मुलालाही जमेल असं गणित आहे. बऱ्याचदा बेरीज जुळत नाही ती विक्रेत्यांकडे ठेवलेल्या प्रतींमुळे. त्या दुकानात गेलेल्या असतात, पण पैसे आलेले नसतात आणि उद्या परतही येऊ शकतात. म्हणून त्यांचा आकडा वेगळा मागावा. नुसता 'रॉयल्टीपोटी रु. अमुक' असा चेक आला आणि सोबत हिशेब नसला, की समजावं आपल्याला काही तपासता येणार नाही.

असो. हे झालं पैशांचं. माझ्या मते करारातली खरी जागा वेगळीच आहे. पुस्तक विकलं जाईनासं झालं, संपलं, प्रकाशकाला त्यात रस उरला नाही, तर ते लेखकाकडे परत कधी आणि कसं येणार? भाच्याच्या करारात यावर एक ओळही नव्हती.

इथे माझी स्वतःची गोष्ट सांगायला हवी. घरच्यांना अर्धी माहीत आहे. १९९८ साली माझा मुलांसाठीच्या बारा गोष्टींचा एक लहानसा संग्रह निघाला होता. किंमत पस्तीस रुपये, हजार प्रती. प्रकाशकांचं नाव लिहीत नाही, ते आता हयात नाहीत. एका टाइप केलेल्या कागदावर सही केली, एकरकमी दीड हजार रुपये मिळाले. त्या पैशांची आईला साडी घेतली होती. कागदावर लिहिलं होतं, की पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील. तीन वर्षांत पुस्तक संपलं आणि पुन्हा निघालंच नाही. २००९ साली हिंदीतल्या एका मुलांच्या मासिकाला त्यातल्या दोन गोष्टी अनुवादासाठी हव्या होत्या. मी प्रामाणिकपणे प्रकाशकांना विचारलं. ते म्हणाले, हक्क आमचे आहेत, पाच हजार द्या. मासिकाकडे तेवढे पैसे नव्हते. विषय संपला. वाईट वाटलं, पण सही माझीच होती, तक्रार कोणाकडे करणार?

२०१५ साली माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो. बोलता बोलता हा विषय निघाला तेव्हा त्याने तो कागद मागून घेतला, दोन मिनिटं वाचला आणि म्हणाला, "बाई, यात मुदत कुठे लिहिलीये?" नव्हती लिहिली. मग त्याने मला कॉपीराइट कायद्याचं कलम १९ समजावून सांगितलं. (विद्यार्थ्याकडून शिकताना काय वाटतं ते शिक्षकच जाणे!) करार लेखी हवा, त्यात कोणते हक्क दिले, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी दिले, आणि मोबदला काय, हे लिहिलेलं हवं. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणजे १९९८ चा माझा करार २००३ सालीच संपला होता. २००९ मधे मी ज्यांच्याकडे परवानगी मागायला गेले, त्यांच्याकडे द्यायला परवानगीच नव्हती. हक्क माझ्या कपाटात सहा वर्षं पडून होते, मला पत्ता नव्हता.

विद्यार्थ्याने एक गोष्ट बजावून सांगितली. ही पाच वर्षांची तरतूद कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आली आणि १९९५ पासून लागू झाली. त्याआधीचा कागद असेल तर इतकं सोपं नाही, वकिलाला दाखवावाच लागेल. आणि कागदावर 'कायमस्वरूपी' किंवा 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर ही पाच वर्षांची सूट मिळत नाही, कारण मुदत लिहिलेलीच आहे. माझ्या प्रकाशकांनी तो शब्द लिहिला नव्हता म्हणून मी सुटले. भाच्याच्या कागदावर तो होता.

आणखी एक गंमत तिसऱ्या पानावर सापडली. अगदी शेवटी, सहीच्या वर, लिहिलं होतं की कलम १९ च्या पोटकलम ४ मधील तरतूद या करारास लागू राहणार नाही. भाच्याला वाटलं हे छापील मायना असतो तसं काहीतरी. पण हे पोटकलम लेखकाच्या फार कामाचं आहे. घेतलेला हक्क एक वर्षात वापरला नाही तर तो हक्क लेखकाकडे परत जातो, असं ते सांगतं. मात्र करारात वेगळं ठरवलं असेल तर ते वेगळं ठरवलेलं चालतं. त्या एका ओळीने नेमकं तेच 'वेगळं' ठरवलं होतं. प्रकाशकाने कादंबरीचे चित्रपटाचे हक्क घेतले आणि वीस वर्षं कपाटात ठेवले तरी चालेल, असा त्याचा अर्थ.

पूर्वी हक्क परत येण्याचं कलम सोपं असायचं. आवृत्ती संपली आणि नवी काढली नाही की पुस्तक लेखकाचं. आता तसं चालत नाही. आता मागणी येईल तशा दहा-वीस प्रती छापता येतात, ई-बुक तर कधी संपतच नाही. त्यामुळे प्रकाशक कायम म्हणू शकतो, की पुस्तक उपलब्ध आहे! वर्षाला तीन प्रती विकल्या जात असल्या तरी. म्हणून तिथे आकडा हवा. आम्ही दोघांनी मिळून असं लिहिलं, की सलग दोन वर्षं छापील विक्री पन्नास प्रतींहून कमी झाली, तर लेखकाने लेखी कळवावं. त्यानंतर सहा महिन्यांत प्रकाशकाने निदान दोनशे प्रतींची नवी आवृत्ती काढावी, नाहीतर परवाना संपला. ई-बुक उपलब्ध असणं म्हणजे पुस्तक उपलब्ध असणं नव्हे, हेही लिहिलं. उरलेल्या प्रती प्रकाशकाने पुढचे सहा महिने विकाव्यात किंवा लेखकाने त्या निम्म्या किमतीत घ्याव्यात. परत येतो तो मजकूर. मुखपृष्ठ चित्रकाराचं आणि प्रकाशकाचं, ते परत येत नाही, त्यामुळे दुसरीकडे छापताना नवं करून घ्यावं लागतं.

राहिले दुय्यम हक्क. अनुवाद, चित्रपट, मालिका, नाटक, दिवाळी अंकातला अंश, ई-बुक, श्राव्य पुस्तक. करारात हे सगळं 'व तत्सम सर्व' या तीन शब्दांत उरकलं होतं. प्रत्येक हक्क हा स्वतंत्र आहे आणि तो वेगळा देता येतो, हे पहिल्यांदा लिहिणाऱ्याच्या डोक्यातच येत नाही. माझं मत सरळ आहे. जो हक्क वापरण्याची प्रकाशकाकडे सोय आहे तोच त्याला द्यावा. ज्याने आजवर एकही पुस्तक चित्रपटवाल्यांपर्यंत नेलेलं नाही, त्याला चित्रपटाचे हक्क कशाला? अनुवादाचं तो खरंच बघणार असेल तर अर्धे-अर्धे ठीक आहे, पण दोन वर्षांत काही झालं नाही तर हक्क परत. श्राव्य पुस्तकांना तर आता बाजार आहे. स्टोरीटेल २०१७ मधे भारतात आलं तेव्हापासून मराठी पुस्तकं लोक गाडी चालवताना, पोळ्या लाटताना ऐकतात. ज्यांचे जुने करार आहेत त्यांच्यासाठी एक सांगते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवहारात नव्हतं, ते करारात स्पष्ट लिहिल्याशिवाय प्रकाशकाकडे जात नाही. पण भाच्यासाठी याचा उपयोग शून्य, कारण ई-बुक आणि ऑडिओ आज दोन्ही रुळलेली आहेत. त्याला ते लिहूनच ठरवायला हवं.

दुपारपर्यंत एका पानावर पाच बदल उतरले. भाचा काळजीत. "मावशी, ते म्हणतील घ्या तुमची कादंबरी परत." मला तसं वाटलं नाही. ज्याने हस्तलिखित वाचून पसंत केलंय तो एका पत्राने पळून जात नाही. आणि गेलाच तर पुढे हिशेब मागितल्यावर काय करेल?

सोमवारी त्याने फोन केला. प्रकाशक आधी जरा तडकले, आमच्याकडे तीस वर्षं हाच कागद आहे म्हणाले. मग त्यांनी त्यांची बाजू सांगितली, आणि ती मला पटली. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई, सगळा खर्च आधी ते करणार. पुस्तक चाललं की लेखक उठून मोठ्या प्रकाशकाकडे जातो, असं त्यांच्याबाबत दोनदा झालंय. म्हणून पाच वर्षं त्यांना कमी वाटत होती. शेवटी 'कायमस्वरूपी हस्तांतरण' जाऊन सात वर्षांचा परवाना आला. पन्नास प्रतींच्या जागी तीस आल्या, पण आकडा राहिला. चित्रपट, मालिका, नाटक भाच्याकडे. अनुवाद अर्धा-अर्धा, दोन वर्षांसाठी. पोटकलम ४ ची ओळ खोडली आणि दोघांनी बाजूला सह्या केल्या. ऑडिओ आणि ई-बुक त्यांनी सोडलं नाही, लेखकाला त्यातले चाळीस टक्के मिळतील. रॉयल्टी छापील किमतीवर द्यायला ते तयार झाले नाहीत, पण प्राप्त रकमेवर दहाऐवजी पंधरा टक्के केली. म्हणजे प्रतीमागे पावणेपंचवीस रुपये. तीस नाहीत, पण साडेसोळाही नाहीत.

बुधवारी सही झाली. येताना पेढे घेऊन आला होता.

माझ्या त्या बारा गोष्टींपैकी सात भाचेसुनेने संगणकावर टाइप करून दिल्या आहेत. आठवीत एक पान फाटलंय. कोणाकडे १९९८ ची प्रत असेल तर कळवा.